कानातली रिकीब, घोड्यावरची रिकीब

कातळवाट

मुलीला शरीरशास्त्राचा धडा शिकवत होतो. कानातली तीन हाडं: हातोडा, ऐरण आणि रिकीब. पहिली दोन तिला लोहाराकडे पाहून ठाऊक होती. तिसऱ्यावर गाडी अडली. "बाबा, रिकीब म्हणजे?" घोड्यावर बसल्यावर पाय ठेवतात ती कडी, असं सांगितलं. त्यावर पुढचा प्रश्न, "आणि नसली तर? पाय नुसते लोंबकळत ठेवायचे?"

मी हो म्हणून वेळ मारून नेली, पण रात्री वाचत बसलो. अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६२ साली मांडलेलं एक म्हणणं सापडलं. रिकीब आल्यामुळे घोडेस्वार बगलेत भाला दाबून घोड्याच्या सगळ्या वेगानिशी धडक मारू लागला. फ्रँकांचा सरदार चार्ल्स मार्टेल याला आठव्या शतकात हे उमगलं. असे स्वार पोसायला पैसा लागतो, म्हणून त्याने चर्चच्या जमिनी काढून स्वारांना दिल्या, आणि त्यातून युरोपातली सरंजामशाही उभी राहिली. एका लोखंडी कडीतून अख्खी समाजरचना! ऐकायला झकास आहे, आणि म्हणूनच शंका येते.

शिवाय भाज्याच्या लेण्यात, सूर्याच्या रथाच्या शिल्पात, घोड्यावर बसलेल्या बाईच्या पायाशी दोरीसारखं काहीतरी कोरलेलं आहे. ते लेणं इसवी सनाच्या आधीचं. मग रिकीब आपलीच म्हणायची का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. मला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही.

सरळसोट

यात एवढं खणण्यासारखं काय आहे? रिकिबीच्या आधी घोडदळ म्हणजे पळणाऱ्यांचा पाठलाग करायला आणि लांबून बाण मारायला. भाला खुपसायला गेलात की तुम्हीच मागच्या मागे घोड्यावरून खाली. चीनमध्ये शोध लागला, हूण ती युरोपात घेऊन आले, मार्टेलने वापरली. संपला विषय.

कोथिंबीरवडी

माझ्या वडिलांच्या कानातलं हेच हाड कडक झालं होतं. ऑपरेशन करून त्या जागी बारीकसा पिस्टन बसवला, आता ऐकू छान येतं. पुढच्या महिन्यात त्यांना विमानाने दिल्लीला न्यायचं आहे. दाबामुळे काही त्रास होतो का? इथे कुणाला अनुभव आहे का?

कातळवाट

@कोथिंबीरवडी, ताई, धागा घोड्याच्या रिकिबीचा आहे, कानाचा माझ्याच मथळ्यामुळे वाटला असेल. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. आणि वडिलांना सांगा, शरीरातलं सगळ्यात लहान हाड होतं ते. जेमतेम तीन मिलिमीटर.

पागेवाली

मी घोडेस्वारी शिकवते, त्यामुळे लेकीच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून. पाय लोंबकळत ठेवायचेच. आमच्याकडे नवीन मुलांना सुरुवातीचे आठवडे रिकीब देतच नाही. जीन असतं, रिकिबी काढून ठेवलेल्या असतात. का, तर रिकीब मिळाली की पोरं तिच्यावर उभी राहतात आणि मांड कधी बसतच नाही. मांड म्हणजे मांड्यांची पकड आणि कंबरेचा तोल, रिकिबीशी तिचा संबंध नाही. मांड बसलेला माणूस रिकिबीशिवाय दुडकी चालीत आणि भरधावही आरामात बसतो.

@सरळसोट, मागच्या मागे पडण्याचं म्हणालात ना, ते खरं, पण त्यावर रिकीब हा उपाय नव्हे. भाला समोर लागला की धक्का तुम्हाला मागे ढकलतो. रिकीब खाली लोंबते, ती मागे जाणाऱ्याला कशी धरणार? पाय पुढे ताणून थोडा आधार घेता येतो, पण खरं धरून ठेवतं ते जिनाचं मागचं उंच काठ. काठ उंच असेल तर रिकीब नसतानाही धक्का सोसता येतो.

रिकिबीचा खरा उपयोग बाजूला झुकताना कळतो. आमची मोठी मुलं टेंट पेगिंगचा सराव करतात, म्हणजे भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी भाल्याने उचलायची. उजवीकडे वाकलात की सगळा भार उजव्या रिकिबीवर येतो आणि डावा गुडघा जिनाला चिकटतो. मागच्या वर्षी एका हुशार मुलाने हट्टाने रिकिबीविना करून पाहिलं. समोरची उंच टांगलेली कडी त्याने भाल्यात अचूक ओवली. खुंटीला मात्र हातभर अंतर ठेवून गेला, कारण त्याहून खाली वाकला असता तर खुंटीच्या जागी तोच रोवला गेला असता. तलवारीचं तेच. बाजूच्या माणसावर वार करायचा, वार हुकला तरी तोल सांभाळायचा, दमल्यावर पुन्हा सावरून बसायचं, इथे रिकीब कामाला येते.

बखरबहाद्दर

पागेवाली ताईंनी निम्मं काम केलं. उरलेलं मी करतो, जरा लांबण लागेल.

रिकिबीआधीचं घोडदळ पाठलागापुरतं होतं हे @सरळसोट यांचं म्हणणं टिकत नाही. सिकंदराचे निवडक स्वार भाले घेऊन थेट शत्रूच्या फळीत घुसत. इ.स.पू. ५३ मध्ये कऱ्हे इथे पार्थियनांनी रोमन सेनापती क्रॅससचं सैन्य कापून काढलं. तिथे बाण मारणारे हलके स्वार होते, तसेच घोड्यासकट चिलखत घातलेले, लांब भाल्यांचे स्वारही होते. रिकीब कुणालाच नव्हती. रोमनांच्या जिनाला चार कोपऱ्यांवर चार शिंगं असत, दोन मांड्यांच्या पुढे, दोन मागे. त्यांत माणूस खाचेत बसल्यासारखा बसतो.

हूणांचंही तसंच. ते रिकिबी वापरत होते असा पुरावा सापडलेला नाही.

चीनबद्दल मात्र अर्ध बरोबर आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. छांगशा इथे इ.स. ३०२ सालच्या एका थडग्यात मातीचे घोडे आणि स्वार सापडले. घोड्याच्या फक्त डाव्या बाजूला एक छोटी त्रिकोणी कडी आहे, ती आखूड पट्ट्यावर टांगलेली, आणि स्वाराचा पाय तिच्यात नाही. म्हणजे ती चढायची पायरी होती. एकदा वर बसलात की तिचं काम संपलं. नानजिंगजवळच्या, साधारण वीस वर्षांनंतरच्या थडग्यातल्या घोड्याला दोन्ही बाजूंना कड्या आहेत. प्रत्यक्ष रिकिबींची जी जोडी साल पक्कं सांगता येईल अशा थडग्यात सापडली, ती फंग सुफू नावाच्या सरदाराची. हा उत्तर येन राज्याच्या राजाचा भाऊ, मृत्यू इ.स. ४१५. तुतीचं लाकूड वाकवून केलेली रिकीब, वर मुलामा दिलेला कांस्याचा पत्रा. त्याच थडग्यात रोमन जगातून आलेलं बदकाच्या आकाराचं काचेचं भांडंही निघालं! काच पश्चिमेकडून तिथवर पोचली होती, पण रिकीब तिथून पश्चिमेला पोचायला आणखी दीडशे वर्षं लागली.

मग एका पायरीच्या दोन का झाल्या? चौथ्या शतकात उत्तर चीनवर श्येनपेइ लोकांची राज्यं होती, मुळात घोड्यावरची माणसं. त्यांच्याकडे माणूस आणि घोडा दोघेही चिलखतात असत. कोरियात ३५७ सालचं एक चित्रांनी भरलेलं थडगं आहे, त्यात असे स्वार रांगेने रंगवलेत. अंगावर एवढं ओझं घेऊन उडी मारून घोड्यावर बसता येत नाही, म्हणून आधी पायरी आली. पुढे लढताना दुसऱ्या पायालाही आधार असला तर बरं, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार. हे शेवटचं वाक्य माझा अंदाज, बाकीचं थडग्यांत आहे.

सरळसोट

हूणांचं मागे घेतो. पण मग इतकी साधी गोष्ट हजार वर्षं कुणाला सुचली नाही? दोन दोऱ्या आणि दोन कड्या. कुणीही करेल.

पागेवाली

करून बघाच. मी पाहिलंय. एका गावातल्या माणसाने खोगिरावरून, म्हणजे नुसत्या मऊ गादीवरून, पट्टा आडवा टाकून दोन्ही टोकांना कड्या बांधल्या होत्या. आठवडाभरात घोड्याच्या पाठीवर, बरोबर त्या पट्ट्याखाली, केस गेलेली एक रेघ उमटली आणि नंतर जखम झाली. रिकिबीवर भार दिला की तुमचं सगळं वजन त्या दोन बोटांच्या पट्ट्यातून पाठीच्या कण्यावर येतं. ते पसरवायला जिनात कडक लाकडी सांगाडा लागतो, कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन फळ्या आणि त्यांना जोडणाऱ्या पुढच्या-मागच्या कमानी. कणा मोकळा राहिला पाहिजे, जिनाखालून उजेड दिसला पाहिजे. सांगाडा आधी आणि रिकीब नंतर. सांगाड्याशिवायची रिकीब घोड्याला अधू करते.

बखरबहाद्दर

ताई, तुमच्या या मुद्द्याला मंगोलियातून दुजोरा आहे. अलीकडच्या वर्षांत तिथल्या अल्ताय डोंगरातल्या एका गुहेतल्या दफनात बर्चच्या लाकडाच्या जिनाचा सांगाडा मिळाला, साधारण चौथ्या शतकातला. आणि त्याच सुमाराची एक लोखंडी रिकीबही मंगोलियात दुसरीकडे मिळाली. म्हणजे हे फक्त चिनी कारागिरांचं काम नव्हतं, गवताळ प्रदेशातले लोकही सुरुवातीपासून त्यात होते. नेमकं कुणी आधी केलं यावर भांडणारे भांडोत बापडे.

शनिवारवारी

रिकिबीने माणूस पडत नाही म्हणता? मी पडलोय. माथेरानला. घोडा उभा होता, डाव्या रिकिबीत पाय घालून वर चढायला गेलो, आणि जीन हळूहळू माझ्याकडे फिरत घोड्याच्या पोटाखाली गेलं. मीही त्याच्याबरोबर. घोडा ढिम्म हलला नाही, बायको हसून हसून खाली बसली. घोडेवाला म्हणतो "साहेब, वजन". माझं वजन बहात्तर किलो आहे हो!

पागेवाली

वजनाचा दोष नाही, तंग, म्हणजे जीन आवळायचा पोटाखालचा पट्टा, सैल होता. घोडे वस्ताद असतात, तंग आवळताना पोट फुगवून धरतात. चार पावलं चालवून पुन्हा आवळायचा असतो, तो कुणी आवळला नाही. चढायच्या आधी जीन हाताने हलवून पाहा, आणि तंगाखाली चार बोटं सहज जात असतील तर चढू नका.

रिकिबीची लांबी बघायची असेल तर पट्टा जिनाला जिथे अडकवलाय तिथे बोटांची टोकं टेकवा, हात सरळ करा, रिकीब बगलेत पोचली पाहिजे. आणि चवडाच आत घालायचा, टाच खाली. पाय टाचेपर्यंत आत गेला आणि तुम्ही पडलात तर घोडा फरपटत नेतो. मी घाबरते ती याला, नुसत्या पडण्याला नाही.

कातळवाट

हे भारी चाललंय. पण युरोपचं राहिलं. हूण नाहीत तर कोण?

बखरबहाद्दर

आवार. पूर्वेच्या गवताळ पट्ट्यातून निघून ५५८च्या सुमाराला हे लोक बायझंटाइन साम्राज्याच्या दारात आले आणि ५६८मध्ये आजच्या हंगेरीच्या मैदानात ठाण मांडून बसले. तिथल्या त्यांच्या थडग्यांत लोखंडी रिकिबी निघतात, सफरचंदासारख्या गोल, वर पट्ट्यासाठी लांबट कान.

मग सन ६००च्या आसपास बायझंटाइन लष्करासाठी ग्रीकमध्ये एक नियमावली लिहिली गेली, ती सम्राट मॉरिसच्या नावावर आहे. तीत स्वाराच्या जिनाला दोन लोखंडी "स्काला" असाव्यात असं म्हटलंय. स्काला म्हणजे पायरी, शिडी. ग्रीकांकडे या वस्तूला नावच नव्हतं, म्हणून चढायच्या वस्तूचं नाव उचललं. ही नियमावली भाले, तंबू, गळ्याचं संरक्षण वगैरे "आवारांसारखं" घ्या असं स्पष्ट सांगते, पण रिकिबीबद्दल तसं म्हणत नाही. त्यामुळे आवारांकडूनच आली याला लेखी कबुली नाही. काळ आणि थडगी जुळतात, एवढंच.

त्या नियमावलीतली एक जागा मला फार आवडते. प्रत्येक तुकडीमागे आठ-दहा माणसं ठेवायची, हत्यारांशिवाय. त्यांनी लढणाऱ्या रांगेच्या साधारण शंभर फूट मागून चालायचं, आणि जखमी होऊन किंवा घोड्यावरून पडलेल्यांना उचलायचं. त्यांच्याजवळ पाण्याची बुधली, कारण जखमीला भोवळ येते. आणि त्यांच्या जिनाच्या दोन्ही रिकिबी डाव्या बाजूलाच लावायच्या, एक पुढच्या कमानीशी, एक मागच्या. पुढच्या रिकिबीतून वाचवणारा चढणार, मागच्या रिकिबीतून जखमी. वाचवलेल्या प्रत्येक माणसामागे सरकारी खजिन्यातून एक सोन्याचं नाणं.

इथे रिकीब धडकेसाठी नाहीच. छांगशाच्या मातीच्या घोड्यावर होती तशीच डाव्या बाजूची पायरी, फक्त दोघांसाठी.

कोथिंबीरवडी

पहिली ॲम्ब्युलन्सच की ही! डॉक्टरांना फोन केला होता, धन्यवाद. ते म्हणाले अजून दीड महिना थांबा.

सरळसोट

ठीक. पण मार्टेलचं काय? ७३२ साली प्वातियेच्या लढाईत अरबांचं घोडदळ त्याने रोखलं, हे तर इतिहासात आहे.

बखरबहाद्दर

रोखलं, पण कशाने? त्या लढाईनंतर वीसेक वर्षांनी स्पेनमध्ये लिहिलेल्या लॅटिन वृत्तांतात उत्तरेकडचे लोक भिंतीसारखे न हलता उभे राहिले, थंडीने गोठून एकमेकांना चिकटल्यासारखे, असं वर्णन आहे. भरधाव धडक मारणाऱ्या स्वारांचं हे वर्णन नव्हे. हे पायी उभे असलेले लोक आहेत.

व्हाइट यांच्यावर पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सॉयर आणि हिल्टन यांनी कडक टीका केली. नंतर १९७०मध्ये बाखराख यांनी फ्रँकांची थडगी तपासून दाखवलं की आठव्या शतकातल्या स्वारांच्या सामानात रिकिबी फार थोड्या आहेत. जमिनी वाटल्या हे खरं, पण राजकारणासाठी, माणसं बांधून ठेवण्यासाठी. त्याला रिकीब लागत नाही. आपल्याकडे सरंजाम वाटताना कुणी रिकिबीची वाट पाहिली होती का?

बगलेत भाला दाबून धडक मारण्याची रीत ठळकपणे दिसू लागते ती अकराव्या शतकाच्या अखेरीस. १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईचं बायो इथलं भरतकाम पाहा. सगळ्या स्वारांचे पाय रिकिबीत आहेत, तरी बरेच जण भाला डोक्यावर उचलून खुपसतायत किंवा फेकतायत, बगलेत दाबलेले कमी. म्हणजे रिकीब हाती येऊन पिढ्यान्‌पिढ्या गेल्या आणि मग ही रीत रुळली. त्यात जिनाचं मागचं उंच काठ, जे ताई म्हणाल्या, त्याचा वाटा रिकिबीपेक्षा मोठा असावा.

सरळसोट

मग रिकिबीने काहीच बदललं नाही म्हणायचं? इतकी माणसं उगाच वापरत होती?

बखरबहाद्दर

तसं नाही. एक अरबी गोष्ट सांगतो. सातव्या शतकाच्या अखेरीस मुहल्लब नावाचा सेनापती इराण-इराकमध्ये खारिजी बंडखोरांशी लढत होता. अरबांच्या रिकिबी तेव्हा लाकडी असत. स्वार वार करायला किंवा भाला मारायला भार टाकायचा आणि रिकीब मोडायची, मग त्याला टेकूच उरायचा नाही. मुहल्लबने लोखंडी करायला लावल्या. हे अरबी ग्रंथांत नोंदलेलं आहे. आता बघा, रिकीब कशाने मोडत होती? वार करताना पडणाऱ्या भाराने. ताईंच्या खुंटीसारखंच. म्हणजे माणसं तिच्यावर उभी राहून लढू लागली होती.

आणि याच्या बरोबर उलट, खलिफा उमर यांच्या नावावर एक आज्ञा सांगितली जाते की रिकिबी तोडून टाका आणि उडी मारून घोड्यावर बसा. रिकीब म्हणजे ऐषआराम, ती स्वाराला मऊ करते, हा जुन्या लोकांचा सूर.

पागेवाली

उमर साहेबांशी मी सहमत. पहिले काही आठवडे.

पण गंभीरपणे, बदल कुठे झाला असेल ते मला रोज दिसतं. पाच वर्षांचा असल्यापासून घोड्यावर असलेल्या मुलाला रिकीब मिळाली काय, न मिळाली काय. पण विशीत आलेला, कधी घोडा न पाहिलेला मुलगा रिकिबीमुळे काही महिन्यांत हातात काठी घेऊन कामाचा होतो. घोड्यावर जन्मलेल्यांना थोडा फायदा, बाकीच्यांना खूप.

बखरबहाद्दर

हे मी कुठे वाचलं नव्हतं, पण पटतंय. शेतकऱ्यांच्या देशांना घोडदळ उभं करणं सोपं झालं असणार. तरी बाण मारणाऱ्यांचा फायदाही धरा. पाय टेकवून जिनातून जरा वर उठलं की घोड्याचे हिसके गुडघ्यांत जिरतात आणि हात स्थिर राहतो.

कातळवाट

आणि भाजे? माझा मूळ प्रश्न सगळे विसरलात.

बखरबहाद्दर

विसरलो नव्हतो, टाळत होतो. सांची, मथुरा, भाजे इथल्या शिल्पांत पायाशी दोरी किंवा पट्टा दिसतो असं बरेच अभ्यासक म्हणतात. पायाचा फक्त अंगठा अडकवायची दोरी, कारण आपल्याकडे अनवाणी स्वार. व्हाइट यांनीही तसंच धरलं होतं. ती पुढे बौद्धांबरोबर चीनला गेली आणि बूट घालणाऱ्यांनी तिची पूर्ण पायाची कडी केली, अशी मांडणी झाली. मधली साखळी मात्र सापडत नाही. आणि चीनमधली पहिली कडी चढायची पायरी आहे, अंगठ्याची दोरी बसल्यावर वापरायची. दोन्हींचं काम वेगळं. माझं मत, दोन वेगळ्या जागी दोन वेगळ्या गोष्टी सुचल्या.

आपला शब्द मात्र पश्चिमेकडूनच आला. अरबी धातू र-क-ब, म्हणजे स्वार होणे, त्यावरून रिकाब, फारसीतून मराठीत रिकीब.

शनिवारवारी

माझं मत वेगळं आहे. भाज्याला नुसता तंगाचा पट्टा असेल. पोटाखालून आलेला पट्टा पायाजवळूनच जातो की. मला विचारा, मी तो खालून पाहिलाय.

कातळवाट

काल लेकीला घेऊन भाज्याला जाऊन आलो. दुपारी पोचलो, शिल्पावर सावली होती, आणि नेमका पायाजवळचा भाग झिजलेला. पट्टा आहे हे नक्की. तो पोटाखाली वळतो की अंगठ्याशी थांबतो, यावर आमचं दोघांचं एकमत झालं नाही. लेक म्हणते अंगठा वर केलेला आहे, त्या अर्थी काहीतरी अडकवलेलं असणार. मोबाइलच्या फोटोत काही कळत नाही. टॉर्च बाजूने तिरका मारून पुन्हा काढायला हवेत. पुढच्या रविवारी कुणी येणार असेल तर सांगा. पागेवाली ताई, तुम्ही आलात तर बरं, तंग कुठून जातो ते तुम्ही बघताक्षणी सांगाल.

पागेवाली

येते. सकाळी लवकर निघू. शनिवारवारींनाही आणा, तंगाखालचे तज्ज्ञ म्हणून.